केळ्याच्या कॅलरी आणि सालीचा हिशेब

पनवेलच्या बाजारात केळी मुख्यतः डझनाने विकली जातात आणि भाव ठरताना ग्राहक नगाचा आकार डोळ्यांनी पाहतो. आहाराचा हिशेब ठेवणारा माणूस मात्र तेच केळे घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतो आणि तेथे त्याच्यापुढे एक साधाच वाटणारा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे वजन सालीसकट घ्यायचे की सोलून. या प्रश्नाचे सरळ उत्तर एका वाक्यात देता येते, कारण आहारशास्त्रातील बहुतेक सर्व कोष्टके ‘१०० ग्रॅम खाण्यायोग्य भाग’ या एककावर रचलेली असतात आणि केळ्याची साल त्या भागात मोडत नाही. म्हणून वजन सोललेल्या गराचेच घ्यावे लागते. परंतु एवढ्यावर थांबले, तर ते उत्तर का बरोबर आहे आणि त्यातही कोठे फसगत होते हे कळत नाही. केळे पिकत असताना साल आणि गर यांच्या वजनाचे प्रमाण सतत बदलत असते, आणि ‘पिकलेल्या केळ्यात कॅलरी जास्त’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या समजुतीचा मोठा भाग या बदलाकडे दुर्लक्ष केल्याने निर्माण झालेला आहे.

आधी कॅलरी म्हणजे काय ते पाहू. आहाराच्या चर्चेत ज्याला कॅलरी म्हटले जाते ती भौतिकशास्त्रातली किलोकॅलरी असते, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास लागणारी उष्णता. अन्नातील ऊर्जा प्रत्येक वेळी जाळून मोजली जात नाही. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके यांचे वजन प्रयोगशाळेत काढून त्यास ठरावीक गुणकांनी गुणले जाते आणि बेरीज केली जाते. हे गुणक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या प्रयोगांतून आले आणि ढोबळमानाने ते प्रथिनांसाठी ४, स्निग्धांसाठी ९ आणि कर्बोदकांसाठी ४ असे धरतात. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ मध्ये निरनिराळ्या अन्नगटांसाठी वेगवेगळे, अधिक बारीक गुणक प्रसिद्ध केले, ज्यांत फळांतील कर्बोदकांसाठी ४ ऐवजी ३.६ हा गुणक आहे. हा बारकावा अभ्यासकांपुरताच आहे असे वाटेल, पण केळ्याच्या बाबतीत तो थेट वाचकाच्या ताटापर्यंत पोहोचतो.

अमेरिकी कोष्टकात १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्याच्या गरात ८९ कॅलरी दिलेल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काढलेल्या आणि डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांच्या नावाने १९७१ पासून देशभर वापरल्या गेलेल्या कोष्टकात त्याच वजनाच्या पिकलेल्या केळ्याला ११६ कॅलरी आहेत. मुंबई-पुण्यातील किंवा पनवेलमधील एखाद्या आहारतज्ज्ञाचा तक्ता आणि रुग्णाच्या मोबाइलमधील ॲप यांच्यात जो मेळ बसत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा या दोन आकड्यांत असते, आणि मग कोणीतरी चुकले आहे असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर आहे. भारतीय कोष्टकात कर्बोदके २७.२ ग्रॅम असून गुणक ४ आहे. अमेरिकी कोष्टकात कर्बोदके २२.८ ग्रॅम असून गुणक ३.६ आहे. भारतीय नमुन्याला अमेरिकी गुणक लावून पाहिले तर ११६ चे साधारण १०४ होतात, म्हणजे २७ कॅलरींच्या फरकातील जवळजवळ १२ कॅलरी निव्वळ गुणकाच्या आहेत आणि उरलेल्या १५ फळाच्या. फळाच्या त्या १५ कॅलरींचे कारण पाणी: भारतीय नमुन्यात पाणी ७०.१ टक्के होते, तर अमेरिकी नमुन्यात ७४.९ टक्के. ज्या गरात पाणी कमी त्यात तेवढ्याच वजनाला घनद्रव्य अधिक, आणि केळ्याच्या घनद्रव्यात कर्बोदकांखेरीज फारसे काही नसल्याने ऊर्जाही अधिक.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत केळे एक न धरता मोंथन, पूवन, लाल आणि रोबस्टा असे वाण वेगळे दाखवले आहेत, आणि हा बदल योग्यच म्हटला पाहिजे. मात्र त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, त्यामुळे त्या स्तंभातील आकड्याला ४.१८४ ने भागल्याशिवाय तो कॅलरी म्हणून वाचला तर केळे चौपट जड ठरते.

आता आकाराकडे वळता येते. मोबाइल ॲपमध्ये ‘मध्यम केळे १०५ कॅलरी’ असे जे लिहिलेले असते ते अमेरिकी वर्गवारीतून आलेले आहे. त्या वर्गवारीत लांबीवरून पाच आकार केलेले असून सहा इंचांपेक्षा लहान केळ्याचा गर ८१ ग्रॅम, सहा ते सात इंची लहान केळ्याचा १०१, सात ते पावणेआठ इंचांच्या आसपासच्या मध्यम केळ्याचा ११८, आठ-पावणेनऊ इंची मोठ्या केळ्याचा १३६ आणि नऊ इंच व त्यापुढील केळ्याचा १५२ ग्रॅम धरला आहे. १०० ग्रॅमला ८९ या दराने त्यांच्या कॅलरी अनुक्रमे ७२, ९०, १०५, १२१ आणि १३५ होतात. हे सर्व आकडे सोललेल्या गराचे आहेत आणि सर्व कॅव्हेंडिश गटातील केळ्याचे आहेत. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलकडून राज्यभर जाणारी बसराई, श्रीमंती आणि आता सर्वाधिक लावली जाणारी ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडची ‘जी-नाइन’, ही सर्व याच गटातील असल्याने त्यांना ही वर्गवारी बऱ्यापैकी लागू पडते. पण पनवेलच्या फळगाडीवर जी-नाइनच्या शेजारी जी बोटाएवढी वेलची केळी ठेवलेली असतात त्यांना ती मुळीच लागू पडत नाही, कारण अमेरिकी वर्गवारीतील सर्वांत लहान केळेसुद्धा वेलचीच्या जवळजवळ दुप्पट असते. एखाद्या वेलची केळ्यात समजा ४५ ग्रॅम गर निघाला, तर अमेरिकी दराने त्यात ४० आणि जुन्या भारतीय दराने ५२ कॅलरी येतात. ॲपवर ‘एक केळे’ असे नोंदवणारा माणूस त्याच्या जागी १०५ लिहितो आणि सकाळी दोन वेलची खाल्ल्यावर आपण शंभरेक कॅलरी जास्त खाल्ल्या असे समजून दुपारची पोळी कमी करतो. वसईकडील राजेळी केळ्याची गोष्ट याच्या उलट आहे: ते लांब, जाड आणि घट्ट गराचे असते, आणि त्याला ‘मध्यम’ म्हटल्याने त्याची ऊर्जा कमी धरली जाते. नगावर कॅलरी मोजण्याची पद्धत म्हणूनच भारतीय बाजारात टिकत नाही. वाणांची विविधता ज्या देशात एवढी आहे तेथे वजनाला पर्याय नाही.

वजनाला पर्याय नाही असे ठरले की साल आडवी येते. अमेरिकी कोष्टकात अख्ख्या केळ्याच्या ३६ टक्के वजन टाकाऊ, म्हणजे सालीचे धरले आहे. गोपालन यांच्या कोष्टकात खाण्यायोग्य भाग ७१ टक्के आहे, म्हणजे साल २९ टक्के. समजा, बाजारातून आणलेले एक पिवळे जी-नाइन केळे सालीसकट १८० ग्रॅम भरले. पहिल्या प्रमाणाने त्यात ११५ ग्रॅम गर निघतो आणि दुसऱ्याने १२८. ८९ च्या दराने ते १०२ आणि ११४ कॅलरी होतात. हा फरक सहन करण्याजोगा आहे. पण ज्याने सालीसकटचे १८० ग्रॅम थेट कोष्टकात घातले त्याला उत्तर १६० मिळते, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा दीडपटीहून थोडे जास्त. हीच चूक सर्वांत अधिक होते आणि तिची खूणही सोपी आहे: एका सर्वसाधारण आकाराच्या केळ्याला दीडशेच्या वर कॅलरी आल्या, तर साल हिशेबात शिरली आहे असे बहुधा समजावे. उलट दिशेची चूक क्वचित पण होते, ती अशी की गर सोलून वजन केल्यावरही ‘साल वजा करावी’ म्हणून पुन्हा ३६ टक्के कापले जातात आणि ११५ ग्रॅम गराच्या केवळ ६६ कॅलरी लिहिल्या जातात.

सालीचे प्रमाण कायम असते तर एकदा गुणक ठरवून सालीसकट वजन करण्यास हरकत नव्हती. ते कायम नसण्याचे कारण पिकण्याच्या क्रियेत आहे. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे वीस ते पंचवीस टक्के पिष्ट असते, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेला, पाण्यात न विरघळणारा कर्बोदकाचा प्रकार. पक्वन सुरू झाले की विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, या साखळ्या तोडून त्यांच्या साखरा करतात आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते. साखर विरघळते, विरघळलेल्या द्रव्याने गराचा पाणी ओढून घेण्याचा जोर वाढतो, आणि गरात साखर सालीपेक्षा वेगाने वाढत असल्यामुळे सालीतील पाणी गरात सरकू लागते. त्याच वेळी साल बाहेरच्या हवेलाही पाणी गमावते. दोन्हींकडून पाणी गेल्यामुळे साल पातळ, मऊ आणि हलकी होते, तर गर ओलसर आणि जड होतो. फळशास्त्रात यालाच गर-साल गुणोत्तराची वाढ म्हणतात आणि केळे किती पिकले हे सांगण्यासाठी ते मोजलेही जाते. हिरव्या केळ्यात हे गुणोत्तर दीडच्या आसपास असते आणि पिकल्यावर दोनच्या पुढे जाते.

पनवेलसारख्या शहरात या गोष्टीला व्यावहारिक अर्थ आहे, कारण खानदेशातून येणारी केळी हिरवीच निघतात. पूर्वी ती अढीत घालून पिकवीत. आता रायपनिंग चेंबरमध्ये थंड तापमानात इथिलीन वायू देऊन पिकवतात, ज्याला भारतीय अन्नसुरक्षा नियमांत १०० पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत परवानगी आहे, तर कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. चेंबरमधून केळे अनेकदा टोकांना हिरवे असतानाच गाडीवर येते आणि पुढचे पिकणे ग्राहकाच्या घरात होते. व्यापारात रंगावरून सात टप्पे मानतात: पहिला पूर्ण हिरवा, चौथा हिरव्यापेक्षा पिवळा अधिक, पाचवा टोके हिरवी असलेला, सहावा पूर्ण पिवळा आणि सातवा तपकिरी ठिपके आलेला. सोमवारी आणलेला डझन शुक्रवारपर्यंत चौथ्यापासून सातव्या टप्प्यापर्यंत जातो, आणि म्हणून सोमवारी ठरवलेला सालीचा गुणक शुक्रवारी चालत नाही.

हे एका केळ्यावर उलगडून पाहावे. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले असले तरी त्यांचे प्रमाण वर सांगितलेल्या मर्यादांत आहे. खरेदीच्या दिवशी, अजून हिरवट असलेले केळे १८० ग्रॅम आहे, साल ४० टक्के म्हणजे ७२ ग्रॅम आणि गर १०८ ग्रॅम. गरात कर्बोदके २५ टक्के धरली तर ती २७ ग्रॅम होतात. चार-पाच दिवसांनी तेच केळे १७२ ग्रॅम भरते, साल ५७ ग्रॅमवर आलेली असते आणि गर ११५ ग्रॅम झालेला असतो. या काळात फळ श्वसन करते, म्हणजे स्वतःच्या साखरेतील थोडा भाग जाळून कार्बन डायऑक्साइड सोडते. ते नुकसान एक ग्रॅम धरले तर मूळच्या कर्बोदकांपैकी २६ ग्रॅम उरतात. आता कोष्टकाचा एकच दर वापरणारा माणूस पहिल्या दिवशी ९६ आणि शेवटच्या दिवशी १०२ कॅलरी लिहील व पिकल्याने कॅलरी वाढल्या असे म्हणेल. प्रत्यक्षात गराचे सात ग्रॅम वाढले ते पाण्याचे, आणि पाण्याला ऊर्जा नसते. घटकांवरून मोजले तर कर्बोदकांची ऊर्जा १०८ वरून १०४ कॅलरींवर उतरलेली आहे, आणि १०० ग्रॅम गराला मोजली तर ती १०० वरून ९० वर. केळ्याला झाडावरून तोडल्यावर बाहेरून कोणताही अन्नपुरवठा होत नसल्याने त्याची एकूण ऊर्जा वाढण्याचा मार्गच उरत नाही.

येथे एक शंका रास्त आहे: पिष्टाची साखर झाली तर वजन वाढत नाही काय? वाढते, कारण साखळीचा प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो आणि १० ग्रॅम पिष्टापासून ११.१ ग्रॅम ग्लुकोज तयार होते. परंतु पिष्टाच्या एका ग्रॅमला सुमारे ४.२ कॅलरी असतील तर ग्लुकोजच्या एका ग्रॅमला सुमारे ३.७५ असतात, आणि गुणाकार केला की दोन्हींचे उत्तर ४२ च्या जवळ येते. गोडी वाढल्याने जिभेला जे वाटते त्याचा ऊर्जेच्या हिशेबाशी संबंध नाही. पिष्ट जिभेला गोड लागत नाही, साखर लागते, एवढाच तो फरक.

तरीही रूढ समजुतीत एक खरा अंश आहे आणि तो दडवणे योग्य होणार नाही. फळात असलेली ऊर्जा आणि शरीराला मिळणारी ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्च्या केळ्याचे पिष्ट अशा घट्ट कणांत बांधलेले असते की लहान आतड्यातील पाचकरसांना ते सहजी फुटत नाही. अशा पिष्टाला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. ब्रिटनमधील एंग्लिस्ट आणि कमिंग्ज यांनी १९८६ मध्ये लहान आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटाबाहेर काढलेल्या व्यक्तींना निरनिराळ्या पक्वतेची केळी खाऊ घालून बाहेर पडणारे पिष्ट मोजले, तेव्हा कमी पिकलेल्या केळ्यातील पिष्टाचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग न पचता निसटत असल्याचे दिसले. हे पिष्ट वाया जात नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून शरीराला ग्रॅममागे चारऐवजी साधारण दोन कॅलरी मिळतात. वरच्या उदाहरणातील हिरवट केळ्यात १० ग्रॅम पिष्ट असे निसटले, तर १०८ पैकी सुमारे ८८ कॅलरीच हाती येतात, आणि पिकल्यावर जवळजवळ सर्व १०४. म्हणजे ‘पिकलेल्या केळ्यात कॅलरी जास्त’ हे विधान फळाविषयी चुकीचे, पण खाणाऱ्याविषयी काहीसे बरोबर आहे. मात्र असे हिरवट, तुरट केळे कच्चे खाणारे लोक थोडे; भाजीसाठी कच्चे केळे शिजवले की पाणी व उष्णतेने पिष्टाचे कण फुगून फुटतात आणि त्यांचा प्रतिरोध बराचसा संपतो. लोक प्रत्यक्षात पाचव्या ते सातव्या टप्प्यातील केळे खातात आणि त्या पट्ट्यात पक्वतेने पडणारा फरक नगामागे मोजक्या कॅलरींचा असतो. शिकरणीत घातलेल्या एका चमचा साखरेच्या वीस कॅलरी त्याहून जास्त भरतात, पण त्यांच्याविषयी इतका ऊहापोह कोणी करीत नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी पक्वतेचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो रक्तातील साखर किती वेगाने चढते याचा प्रश्न आहे आणि कॅलरींच्या आकड्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

यातून वजन करण्याची जी रीत निघते ती साधी आहे. केळे सोलावे, गराला चिकटलेले धागे आणि टोकाचा काळा भाग काढावा, रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि गर त्यात ठेवून आलेले वजन १०० ग्रॅमच्या दराने गुणावे. केळे डब्यात न्यायचे असेल आणि सोलून काळे पडू द्यायचे नसेल, तर निघताना अख्खे केळे तोलावे आणि साल परत आणून तोलून वजा करावी. फक्त ती साल दिवसभर उघडी राहता कामा नये, कारण वाळलेली साल हलकी होते आणि वजाबाकीत गर जास्त दिसतो. साल परत आणणे शक्य नसेल तरच गुणकाचा आधार घ्यावा: पूर्ण पिवळ्या जी-नाइनसाठी अख्ख्या वजनाच्या ०.६५ आणि हिरव्या टोकांच्या केळ्यासाठी ०.६. वेलची आणि राजेळी यांना हे गुणक लावू नयेत. घरात जो वाण नेहमी येतो त्याची एक फणी आणल्यावर चार-पाच केळी एकदा सालीसकट आणि एकदा सोलून तोलली, की त्या वाणाचे प्रमाण हाती येते.

कोणता दर घ्यावा, ८९ की ११६, याचा निवाडा वजनकाटा करू शकत नाही. दिवसाच्या इतर पदार्थांसाठी जे कोष्टक वापरले जाते तेच केळ्यासाठीही वापरावे, कारण पोळी भारतीय कोष्टकातून आणि केळे अमेरिकी कोष्टकातून घेतले तर बेरजेत दोन वेगळे गुणक मिसळतात आणि आठवड्या-आठवड्याची तुलनाही बिघडते. ११५ ग्रॅम गराला एका कोष्टकाने १०२ आणि दुसऱ्याने १३३ कॅलरी येत असताना दशांश चिन्हापर्यंत उत्तर लिहिण्यात अर्थ नाही. पनवेलच्या गाडीवरच्या एका सर्वसाधारण जी-नाइन केळ्याला शंभर ते एकशेतीस आणि वेलचीला चाळीस ते पन्नास एवढेच धरावे, आणि काट्यावर ठेवण्यापूर्वी साल काढावी.